पस्तीस वर्षांचा विश्वास आणि बॅच 2417

मुंबईतल्या एका चटण्या-मसाल्यांच्या कंपनीत मी पत्रव्यवहार पाहतो. दिवाळीच्या शुभेच्छा, विक्रेत्यांना थकबाकीची आठवण आणि एखाद्या जुन्या कामगाराच्या निवृत्तीचे मानपत्र, एवढ्यावर माझी लेखणी आजवर सुखाने चालली होती. अशा माणसाला एका शनिवारी दुपारी, घरी जायच्या ऐन वेळी, मोठ्या साहेबांनी बोलावून घेतले आणि म्हणाले, "एक छोटीशी सूचना तयार आहे, तिची भाषा जरा पाहून द्या."

प्रकार असा झाला होता. आमची लसूण-खोबऱ्याची चटणी आणि शेंगदाण्याची चटणी एकाच यंत्रावर, वेगवेगळ्या पाळ्यांत, पाकिटबंद होते. दोन्ही पाकिटांचा छापील रोल लाल रंगाचा आहे आणि दोन्हींवर कोपऱ्यात तीच हसणारी सुगरण आहे. पाळी बदलताना कोणीतरी रोल बदलायचा विसरला आणि शेंगदाण्याची चटणी लसूण-खोबऱ्याच्या पाकिटांत शिरली. आठवड्याअखेर गोदामात लसणाचे रोल हिशेबापेक्षा कमी आणि शेंगदाण्याचे जास्त भरले, तेव्हा गुणवत्ता विभागातल्या बाईंना शंका आली. त्यांनी राखून ठेवलेली पाकिटे फोडून पाहिली, तर आत शेंगदाणा. चटणी खराब मुळीच नव्हती. उलट बाईंच्या मते त्या दिवशी ती नेहमीपेक्षा खमंग झाली होती. पण ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे तो पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच खातो, आणि त्या यादीत शेंगदाण्याचे नाव नव्हते. लेबलविषयीच्या २०२० च्या नियमांनी शेंगदाणा असल्यास तसे स्पष्ट छापणे बंधनकारक केले आहे, ते याच माणसासाठी.

साहेबांची "छोटीशी सूचना" पूर्ण एक पानाची होती. तिची सुरुवात "गेली पस्तीस वर्षे ग्राहकांच्या अढळ विश्वासास पात्र ठरलेल्या आमच्या संस्थेने" अशी होती, आणि हे वाक्य पुढे संस्थापकांची दूरदृष्टी, आधुनिक यंत्रसामग्री आणि पारंपरिक पाट्यावरची चव असा मुक्काम करत करत चौथ्या ओळीत धापा टाकत थांबत होते. दुसऱ्या परिच्छेदात "ऐच्छिक उत्पादन-पुनर्प्राप्ती उपक्रम" होता. तिसऱ्यात "काही मोजक्या पाकिटांत किरकोळ घटकभिन्नता आढळण्याची शक्यता" होती. बॅच क्रमांक तळाशी होता, आणि तोही कंसात, जणू शाळेत उशिरा आलेला मुलगा मागच्या बाकावर गुपचूप बसला आहे.

मी ती सूचना घरी नेली आणि शेजारच्या आजींना वाचून दाखवली. त्यांच्या स्वयंपाकघरात आमची चटणी असते, हे मला वासावरून ठाऊक होते. वाचून झाल्यावर मी विचारले, "आजी, काय समजलं?" त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या कंपनीला पस्तीस वर्षं झाली वाटतं! पेढे कधी?"

रविवारी मी मजकूर उलटा केला. ग्राहकाला क्रमाने तीनच गोष्टी हव्या असतात: माझ्या घरातले पाकीट त्यातले आहे का, असेल तर काय होईल, आणि आता मी काय करू. शिवाय ही सूचना व्हॉट्सॲपवर फिरणार होती, तिथे लांब मजकुराची फक्त सुरुवात दिसते आणि उरलेला मजकूर दडून बसतो. साहेबांच्या मसुद्याची जी सुरुवात दिसली असती, तिच्यावर कोणीही हात जोडलेले चिन्ह पाठवून पुढे गेले असते.

सोमवारच्या बैठकीत पहिला वाद "काही मोजक्या" या शब्दांवर झाला. ते अगदीच खोटे नव्हते, कारण त्या बॅचमधली निम्मी पाकिटे बरोबर भरलेली होती. पण कोणती निम्मी, हे बाहेरून कोणालाच सांगता येत नव्हते, आणि "काही पाकिटे" असे वाचणारा प्रत्येक माणूस ती काही पाकिटे शेजाऱ्याकडे असणार असे धरून चालतो. म्हणून आम्ही सगळी बॅच मागवली आणि तसेच लिहिले. क्रमांकही पाकिटावर जसा छापला आहे तसाच, इंग्रजी अंकांत ठेवला, म्हणजे आकड्याची आकृती आकृतीशी जुळवून पाहता येते.

दुसरा वाद धोक्यावर झाला. वकीलसाहेबांनी "जिवाला धोका" खोडून तिथे "क्वचित अस्वस्थता" घातले. बाईंनी शांतपणे विचारले, "घसा सुजून श्वास अडकला, तर त्याला अस्वस्थता म्हणायचं का?" वकीलसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि जिवाला धोका परत आला.

तिसऱ्या सूचनेने मात्र मी खुर्चीतच आडवा व्हायचा बाकी राहिलो. साहेब म्हणाले, "ग्राहकांना शंका असेल तर त्यांनी चिमूटभर चव घेऊन खात्री करावी, असं लिहा." ज्याला शेंगदाण्याने दवाखाना गाठावा लागतो, त्याला शेंगदाणा चाखून पाहायला सांगणारी सूचना आम्ही सर्वांच्या सहीनिशी काढली असती! त्याऐवजी "चव घेऊन पाहू नका" असे वाक्यच आम्ही घातले.

मजकूर पुन्हा आजींकडे नेला. या वेळी त्यांनी चष्मा लावला, फळीवरून चटणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ती काचेच्या बरणीत होती. पाकीट बरणी भरल्या दिवशीच केरात गेले होते, आणि बॅच क्रमांक छापलेला असतो तो पाकिटाच्या वरच्या शिवणीजवळ, म्हणजे कात्री जिथे पहिल्यांदा चालते तिथेच. मुंबईतल्या निम्म्या घरांत आमच्या चटणीला आडनाव उरलेले नसणार, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. त्यामुळे आणखी एक वाक्य वाढले. शेवटी सूचनेचा वरचा भाग असा झाला:

"लसूण-खोबरे चटणी, २०० ग्रॅम, बॅच 2417 परत मागवत आहोत. हा क्रमांक पाकिटाच्या मागे, वरच्या कडेला आहे. या पाकिटांत शेंगदाणा असू शकतो. तो लेबलवर लिहिलेला नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या जिवाला यापासून धोका आहे. ही चटणी खाऊ नका, चव घेऊन पाहू नका, कोणाला देऊ नका. दुकानात परत करा. बिल नसले तरी पूर्ण पैसे मिळतील. पाकीट टाकून दिले असेल आणि क्रमांक आठवत नसेल, तर या महिन्यात घेतलेली चटणीही परत करा. खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच १०८ वर फोन करा."

इतरांना धोका नसताना सगळ्यांनीच का परत करायची, असे हिशेबनिसांनी विचारले. पण चटणीची वाटी पाहुण्यांपुढे जाते, मुलांच्या डब्यातून वर्गभर फिरते, आणि कोणाला कसली ॲलर्जी आहे हे वाटीला कळत नाही. हिशेबनिसांनी सुस्कारा सोडून रक्कम लिहून घेतली.

साहेबांच्या आग्रहाखातर पस्तीस वर्षांचा विश्वास खाली, ठळक रेघेनंतर, अखंड ठेवला होता. मंगळवारी ते स्वतः गिरगावातल्या एका दुकानात सूचना नीट लागली आहे का हे पाहायला गेले, मी बरोबर होतो. गल्ल्यामागच्या फळीला जागा पुरेना, म्हणून दुकानदाराने कागद बरोबर रेघेवर फाडून फक्त वरचा भाग चिकटवला होता. साहेबांनी खालच्या भागाची चौकशी केली. दुकानदाराने गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या एका मुलाकडे बोट दाखवले. त्याच्या हातात संस्थापकांची दूरदृष्टी होती, आणि तिच्या पुडीत दहा रुपयांचे खारे दाणे.