मार्चअखेरच्या आकड्यावर उधारीचा धंदा मोजू नका

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: “विक्री दुप्पट करा, पैशाची चणचण आपोआप मिटेल. कंपनीची उधारी म्हणजे फुकटचं भांडवल, जितकी ओढता येईल तितकी ओढा. ३१ मार्चला येणी वीस दिवसांच्या आत दिसली की समजा धंदा ठणठणीत.”

परभणी भागात कीटकनाशकं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पुरवणारा एक छोटा वितरक डोळ्यांसमोर ठेवू. आकडे समजण्यापुरते घेतलेत आणि जीएसटी वगळून धरलेत. तो वगळणं गरजेचं आहे, कारण येणी करासह आणि विक्री कराविना धरली तर दिवस उगाच फुगतात. वर्षाची विक्री ३ कोटी ६० लाख, त्या मालाची खरेदी ३ कोटी २४ लाख. वर्ष ३६० दिवसांचं धरलं तर रोजची विक्री १ लाख आणि रोजची खरेदी ९० हजार. बारा महिनाअखेरींची सरासरी काढली तर येणी ६० लाख, गोदामातला माल ४०.५ लाख आणि कंपनीची देणी २७ लाख. येणी रोजच्या विक्रीने भागायची, माल आणि देणी रोजच्या खरेदीने. म्हणजे येणी ६० दिवस, माल ४५ दिवस, देणी ३० दिवस. माल आणि येणी यांच्या बेरजेतून देणी वजा केली की ७५ दिवस उरतात. तेवढे दिवस वितरकाचे स्वतःचे किंवा बँकेचे ७३.५ लाख अडकलेले असतात.

आता विक्री दुप्पट करा आणि दिवस तेच ठेवा. आणखी ७३.५ लाख लागतील. निव्वळ नफा तीन टक्के धरला तर ७ कोटी २० लाखांवर २१.६ लाख मिळतात, तेही आयकर आणि घरखर्चाच्या आधी. राहिलेले सुमारे ५२ लाख कुठून आणणार? शिवाय नवी कृषी सेवा केंद्रं जोडायची तर त्यांना जास्त मुदत द्यावी लागते. येणी ६० वरून ७५ दिवसांवर गेली की दुप्पट विक्रीवर आणखी ३० लाख बाहेर अडकतात. विक्री वाढली आणि चणचण मिटली, असं घडतं ते फक्त ज्याचा पैसा कंपनीला देण्याच्या आधी हातात येतो त्याच्याकडे. सोयाबीन निघाल्यावर वसुली होणाऱ्या आपल्या भागात असा वितरक विरळाच.

उधारी ओढण्याचं गणितही तपासून पाहा. समजा कंपनी ३० दिवसांची मुदत देते, पण सातव्या दिवशी पैसे दिले तर दोन टक्के रोख सूट देते. सूट सोडणं म्हणजे ९८ रुपये २३ दिवस वापरायला २ रुपये मोजणं. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ३२ टक्क्यांच्या जवळ जातं. बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के दर धरला तर त्याच ९८ रुपयांना २३ दिवसांचे साधारण ७५ पैसे पडतात. त्यातच बहुतेक बँका उचलमर्यादा काढताना मालाच्या किमतीतून न दिलेली देणी वजा करतात. कंपनीची उधारी जितकी ताणाल तितकी बँकेची उचल घटते.

सगळ्यात घातक सल्ला मार्चचा आहे, आणि त्यावरच मला जास्त बोलायचं आहे. आपल्या वितरकाची ३१ मार्चची येणी १८ लाख. रोजच्या १ लाखाने भागली की अठरा दिवस येतात, आकडा देखणा दिसतो. पण मार्चमध्ये औषध विकतं किती? रोजच्या १ लाखाच्या सरासरीत जून-जुलैची विक्रीही मिसळली, म्हणून हे दिवस इतके कमी दिसले. त्याऐवजी १८ लाखांतून एकेका महिन्याची विक्री वजा करत मागे मोजत जा. मार्चची विक्री ४ लाख, फेब्रुवारीची ५, जानेवारीची ९. १८ लाख संपवायला अख्खे तीन महिने लागले, म्हणजे खरी येणी ९० दिवसांची. या तिमाहीतला काही माल रोखीने गेला असेल, तर या १८ लाखांत खरिपाचीही थकबाकी आहे. सोयाबीन, कापूस विकून झाल्यावरही जे आले नाहीत, असे ते पैसे. ९० दिवसांपुढची येणी बहुतेक बँका उचलमर्यादेत धरतही नाहीत.

म्हणून वर्षाचं एक सूत्र बाजूला ठेवून प्रत्येक महिनाअखेरीला अशी उलटी मोजणी करा आणि मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. सप्टेंबरअखेर १०० दिवस दिसले तर घाबरायचं कारण नाही, तो हंगामाचा भाग आहे. डिसेंबरअखेर आकडा खाली आला नसेल, तर दुकानवार बिलांच्या तारखा काढा. ज्याच्याकडे जूनचं बिल बाकी आहे त्याचा नवा माल थांबवा, आणि त्याच्या दुकानात पडून असलेला, मुदत न संपलेला माल कंपनीची परतीची तारीख जाण्याआधी उचलून आणा. येणीचे दहा दिवस कमी झाले तर १० लाख मोकळे होतात, मालाचे दहा दिवस कमी झाले तर ९ लाख.