‘रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती’, पण कुठली रजा आणि किती दिवस?

नेटवरचे रजा अर्जाचे नमुने कोण लिहितं कोण जाणे! ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहे, तरी रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती.’ खाली सही, वर ‘माननीय महोदय’. झाला अर्ज! परदेशी शिकायला निघालेला जिल्हा परिषद शिक्षक हाच मजकूर उतरवतो, इंग्रजी प्रतही तशीच काढतो, आणि मग तीन महिन्यांनी फाईल ‘त्रुटी पूर्तता’ असा शेरा घेऊन परत आली की कपाळाला हात लावतो.

अहो, त्या अर्जावर कारकुनाने टिपणी लिहायची कशाच्या जोरावर? महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अर्जित, अर्धवेतनी, असाधारण, अध्ययन अशा वेगवेगळ्या रजा आहेत. पगार किती मिळणार, हे रजेच्या प्रकारावर ठरतं. तुम्ही प्रकारच लिहिला नाही, तर तो बिचारा तुमच्या वतीने निवड करणार आहे का? आणि केलीच, तर असाधारण रजाही लावू शकेल. म्हणजे बिनपगारी. मग बसा भांडत.

एक उदाहरण घ्या. ब्रिटनमधला एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, 22 सप्टेंबर 2025 ला सुरू, प्रबंध पुढच्या सप्टेंबरात. प्रवास आणि राहण्याची सोय धरून शिक्षकाला 15 सप्टेंबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 रजा हवी. मोजा: 381 दिवस. अध्ययन रजा एका वेळी साधारणपणे 12 महिने मिळते, संपूर्ण सेवेत 24 महिने. म्हणजे सरसकट ‘381 दिवस अध्ययन रजा’ मागितली की आक्षेप आलाच. मग अर्जातच का नाही लिहायचं की ‘15 सप्टेंबर 2025 ते 14 सप्टेंबर 2026 अध्ययन रजा आणि त्याला जोडून 15 ते 30 सप्टेंबर 2026 अशी 16 दिवस अर्धवेतनी रजा मंजूर करावी’? एवढ्या एका वाक्यात अर्धी फाईल पुढे सरकते. मात्र ते 16 दिवस खात्यावर शिल्लक आहेत का, हे सेवापुस्तकातल्या रजा लेख्यावर आधी बघायला हवं. ते कोणी बघत नाही!

पुढचा संताप ‘उच्च शिक्षण’ या गुळगुळीत शब्दांचा. कसलं उच्च शिक्षण? अध्ययन रजेसाठी अभ्यासक्रमाचा तुमच्या कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो. ‘गणित अध्यापनशास्त्र, इयत्ता सहावी ते आठवीला शिकवत असलेल्या विषयाशी संबंधित’ असं दोन ओळींत लिहा की! सोबत विद्यापीठाचं प्रवेशपत्र जोडा, तेही बिनशर्त. ‘इंग्रजी परीक्षेचे गुण आल्यावर प्रवेश पक्का’ असं सशर्त पत्र लावलं, तर कार्यालय पक्कं पत्र येईपर्यंत थांबणारच. परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्रही द्यावं लागतं, त्याची तयारी असल्याचं अर्जातच नमूद करा.

आता त्या इंग्रजी प्रतीचं बघू. ती बहुतेकांनी व्हिसासाठी काढलेली असते, आणि इथेच मोठा घोळ आहे. तुम्ही स्वतः लिहिलेला अर्ज म्हणजे रजा मिळाल्याचा पुरावा नव्हे! फाईलला वजन येतं ते कार्यालयाच्या पत्राने: पद, नेमणुकीची तारीख, पगार, मंजूर रजा कधीपासून कधीपर्यंत. ते पत्र इंग्रजीत हवं असेल तर तशी विनंती मराठी अर्जातच करा. दोन्ही प्रतींचा मजकूर जुळलाच पाहिजे. मराठीत ‘अध्ययन रजा’ आणि इंग्रजीत ‘लीव्ह विदाउट पे’ लिहिणारे महाभाग आहेत! सेवापुस्तकात माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्ही नावं लिहून विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण 09/10 म्हणजे नऊ ऑक्टोबर की दहा सप्टेंबर, यावर परदेशातला वाचणारा अडू शकतो.

आणि अर्ज थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने टपालात टाकणाऱ्यांना तर काय म्हणावं! ‘योग्य मार्गाने’ म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). मधलं एक टेबल चुकवलं की अर्ज अभिप्रायासाठी परत खाली येतो. मुख्याध्यापकांच्या शिफारशीत तुमचे वर्ग कोण घेणार हे नसेल, तर तोही प्रश्न वरून येतो. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घालून पोच घ्या, नाहीतर ‘अर्ज मिळालाच नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा.

तिकीट काढून ठेवलंय म्हणून मंजुरीआधीच विमानात बसणारेही आहेत. अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली, हे कुठल्या नियमात वाचलं? रजा हक्क म्हणून मागता येत नाही. आदेशाशिवाय गेलात तर ती अनधिकृत गैरहजेरी धरली जाऊ शकते, आणि मग परतल्यावर पहिला कागद हातात पडतो तो कारणे दाखवा नोटिशीचा.