जुगारात हरलेले पैसे चार्जबॅकने परत का मिळत नाहीत, आणि मागायला गेल्यास खात्याचे काय होते

"ऑनलाइन कॅसिनोत किंवा बेटिंग अ‍ॅपवर कार्डने पैसे घालवले असतील तर घाबरू नका. १२० दिवसांच्या आत बँकेला फक्त एवढेच सांगा की हा व्यवहार मी केलेला नाही. बँकेला पैसे परत द्यावेच लागतात. कॅसिनोवाले भांडत बसत नाहीत. तुमचे काहीही नुकसान होत नाही. फार तर त्यांचे खाते बंद होईल, आणि ते तसेही कोणाला हवे आहे? सर्वांना पाठवा."

हा संदेश माझ्या मावसभावाला आला. त्याने तो खरा मानला, बँकेकडे तक्रार नोंदवली आणि प्रकरण बिघडल्यावर मला सांगितले. कार्डवरच्या वादांच्या फायली वाचणे हे अनेक वर्षे माझे काम राहिले आहे. त्यामुळे यात किती गोष्टी खोट्या आहेत हे मला पहिल्याच वाचनात दिसले. तो संदेश त्याच्याआधी माझ्यापर्यंत आला असता तर बरे झाले असते. हरल्यामुळे आधीच खचलेल्या माणसाला असा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते.

या संदेशात सुचवलेला मार्ग म्हणजे चार्जबॅक: कार्डने दिलेले पैसे आपल्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत मागणे. त्यात नेमके काय तपासले जाते, इथपासून सुरुवात करावी लागेल. कार्डधारकाचे नुकसान झाले का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. दोनच गोष्टी पाहिल्या जातात: पैसे देण्यास कार्डधारकाची संमती होती का, आणि ज्यासाठी पैसे दिले ते त्याला मिळाले का. जुगाराच्या भरण्यात कार्डने विकत घेतलेली वस्तू म्हणजे गेमिंग खात्यात जमा होणारी रक्कम. ती जमा झाली त्या क्षणी विक्रेत्याने आपली बाजू पूर्ण केलेली असते. त्यानंतर त्या रकमेवर पैज लावली, ती हरली, जिंकलेले काढता आले नाही, हे सगळे कार्डच्या व्यवहाराबाहेरचे आहे. मास्टरकार्डच्या चार्जबॅक नियमपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे: जुगारासाठी मूल्य विकत घेतले असेल, तर ते मूल्य कसे वापरले गेले, त्यातले किती न वापरता उरले किंवा ते काढून का घेता आले नाही, या कारणांवर कार्ड देणाऱ्या बँकेला चार्जबॅकचा हक्क नाही. 'बँकेला द्यावेच लागतात' हे विधान या एका तरतुदीपुढे टिकत नाही. बँकेची इच्छा असली तरी तिच्या हातात ते हत्यारच नाही.

म्हणूनच संदेश लिहिणारा तुम्हाला खोटे बोलायला सांगतो. खऱ्या कारणावर वाद उभाच राहत नाही, म्हणून 'व्यवहार मी केलेला नाही' हे कारण पुढे करायचे. संपूर्ण संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, आणि म्हणून मी त्यावरच अधिक थांबणार आहे.

मावसभावाचे प्रकरण त्याच्या परवानगीने सांगतो. त्याने एका बेटिंग खात्यात पाच वेळा प्रत्येकी ४,००० भरले, म्हणजे एकूण २०,०००. मध्ये एकदा जिंकल्यावर ७,००० काढून घेतले. तक्रार केली त्या दिवशी खात्यात २,६०० शिल्लक होते. त्याने पाचही भरणे 'माझ्या संमतीशिवाय झालेले' म्हणून नोंदवले. पहिला परिणाम ताबडतोब झाला: बँकेने कार्ड बंद केले. यात बँकेची चूक नाही. कार्ड परक्या माणसाच्या हाती आहे असे कार्डधारकच म्हणत असेल, तर ते चालू ठेवणे हा बेजबाबदारपणा ठरेल. मात्र त्या कार्डवर जोडलेली बाकीची नियमित देयकेही त्याबरोबर थांबली.

पाचपैकी तीन भरणे ओटीपी टाकून झालेले होते. असा व्यवहार बँकेने स्वतः ओळख पटवून मंजूर केलेला असतो, आणि तो फसवणुकीचा आहे असे पुढे ठरले तरी सर्वसाधारणपणे त्याचा भार विक्रेत्यावर न जाता कार्ड देणाऱ्या बँकेवर येतो. त्यामुळे बँक आधी आपलीच नोंद उघडून पाहते: ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला, किती सेकंदांत टाकला गेला, त्या वेळी त्याच फोनवरून बँकेचे अ‍ॅप उघडलेले होते का. मावसभावाच्या बाबतीत तिन्ही उत्तरे त्याच्या विरोधात होती, आणि ते तीन भरणे तिथेच निकाली निघाले.

उरलेले दोन साठवलेल्या कार्डवरून ओटीपीशिवाय झालेले होते. ते पुढे पाठवले गेले आणि त्याच्या खात्यात ८,००० तात्पुरते जमा झाले. माझ्या मते या संदेशाचा प्रसार होतो तो याच टप्प्यामुळे. तात्पुरती जमा दिसली की माणूस समजतो, जिंकलो, आणि आनंदाने तो संदेश पुढे ढकलतो. ती जमा म्हणजे निकाल नव्हे. समोरच्या बाजूला उत्तर देण्यासाठी मुदत असते, मास्टरकार्डच्या नियमांत ती ४५ दिवसांची आहे, आणि उत्तर मान्य झाले की ती रक्कम परत वळती होते.

'कॅसिनोवाले भांडत नाहीत' हे विधान कोणी कशाच्या आधारे केले, हे मला समजत नाही. ज्या धंद्यावर चार्जबॅकचे प्रमाण वाढले तर कार्ड स्वीकारण्याची सोयच जाण्याची टांगती तलवार असते, तो धंदा पुरावे तयार ठेवूनच चालतो. या दोन भरण्यांच्या उत्तरात आलेली कागदपत्रे मी पाहिली: प्रत्येक लॉगिनची वेळ आणि आयपी पत्ता, फोनची ओळख, खाते उघडताना दिलेल्या ओळखपत्राचे छायाचित्र, भरण्यानंतर काही मिनिटांत लावलेल्या पैजांची यादी, आणि शेवटी ते काढलेले ७,०००, जे त्याच कार्डवर परत आले होते. चोरलेल्या कार्डवर जिंकलेले पैसे चोर मूळ मालकाच्या कार्डवर पाठवत नाही. फाईल वाचणाऱ्याला यापुढे काही वाचण्याची गरज उरत नाही. शिवाय जे ७,००० हाती आले होते त्यांची वजाबाकी न करता पूर्ण २०,००० मागितले होते, हेही नजरेतून सुटले नाही.

व्हिसानेही एप्रिल २०२३ पासून हा मार्ग आणखी अरुंद केला आहे. त्याच विक्रेत्याकडचे, १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, वाद न घातलेले दोन जुने व्यवहार दाखवता आले आणि त्यांतला आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख व त्याबरोबर खात्याची ओळख यांसारखा आणखी एक तपशील वादातल्या व्यवहाराशी जुळला, तर फसवणुकीच्या दाव्याची जबाबदारी विक्रेत्याकडे जात नाही. नियमितपणे खेळणाऱ्या माणसाचे असे जुने व्यवहार असतातच.

आता 'काहीही नुकसान होत नाही' याकडे वळतो. चार्जबॅकची सूचना मिळताच बेटिंग कंपनीने मावसभावाचे खाते कुलूपबंद केले. शिल्लक असलेले २,६०० गोठले आणि वादाच्या शुल्कापोटी वळते झाले. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये तशी तरतूद असते, आणि खाते उघडताना ती आपण मान्य केलेली असते. काढण्यासाठी अर्ज केलेली रक्कम प्रलंबित असती, तर तीही रद्द झाली असती. खात्यावर वादग्रस्त ८,००० येणे म्हणून दाखवले गेले आणि त्याच मालकाच्या इतर संकेतस्थळांवरही त्याच्या ओळखपत्रावर बंदी आली. बँकेने दावा फेटाळल्यावर ते येणे मिटले, पण खाते उघडले नाही. हिशेब सरळ आहे: तक्रारीच्या आदल्या दिवशी तो २,६०० काढून घेऊ शकत होता, तक्रारीनंतर तेही गेले.

बँकेकडची बाजू अधिक गंभीर आहे, कारण बेटिंगचे खाते गेले तर एका अर्थाने बरेच झाले, पण बँकेचे खाते रोज लागते. खोटा ठरलेला फसवणुकीचा दावा ग्राहकाच्या नोंदीत राहतो. पुढे खरोखर कार्ड चोरीला गेले, तर त्या वेळची तक्रार वाचणाऱ्यासमोर आधी हीच नोंद येते. वारंवार असे केल्यास बँक कार्ड कायमचे काढून घेऊ शकते किंवा संबंधच संपवू शकते. आणि लेखी दाव्यात जाणूनबुजून खोटे विधान करणे ही स्वतः फसवणूक आहे, हे त्या संदेशात कुठेच लिहिलेले नाही.

एक गोष्ट मला नाखुशीने का होईना मान्य करावी लागेल. काही चार्जबॅक मंजूर होतात, आणि अशा संदेशांना बळ मिळते ते त्या उदाहरणांवरून. कार्ड खरोखर चोरीला गेले असेल, एकच भरणा दोनदा कापला गेला असेल, किंवा पैसे कापले जाऊन गेमिंग खात्यात जमाच झाले नसतील, तर दावा रास्त आहे. परवाना नसलेल्या काही कंपन्या आपला व्यवहार कपड्यांचे दुकान किंवा सॉफ्टवेअर म्हणून दाखवतात. जुगारासाठी ठरलेला विक्रेता संकेतांक ७९९५ टाळला की बँकेचा अडसर चुकवता येतो, हा त्यामागचा हेतू असतो. तिथे बँकेला चौकशी करण्यास जागा असते. पण त्यातही सांगायचे ते खरेच: हा भरणा जुगाराचा होता आणि विवरणपत्रात तो दुसऱ्याच नावाने दिसतो आहे. 'कपडे मागवले, आले नाहीत' असे लिहिले तर तुमच्याच ईमेलमधले बेटिंगचे संदेश ते खोडून काढतील.

१२० दिवसांचा आकडा बऱ्याच प्रकारच्या वादांना लागू होतो, एवढे त्यात खरे आहे; मुदतीत केल्याने पोकळ दावा भक्कम होत नाही. भरणा आधी एखाद्या वॉलेटमध्ये आणि तिथून बेटिंगच्या खात्यात गेला असेल, तर कार्डने विकत घेतलेली सेवा वॉलेट भरण्याची होती आणि ती मिळाली, म्हणून तिथे तर वादालाच आधार नाही. आणि टक्केवारी आगाऊ घेऊन चार्जबॅक 'करून देणारे' लोक याच संदेशांखाली आपले क्रमांक टाकतात. त्यांना कार्डचे तपशील देणे म्हणजे दुसऱ्यांदा लुबाडले जाणे.

स्वतःला खेळापासून दूर ठेवण्याची विनंती कंपनीला लेखी केल्यानंतरही तिने भरणे स्वीकारले असतील, तर तक्रार करण्यासारखे खरे कारण तुमच्याकडे आहे. ते कारण चार्जबॅकच्या चौकटीत बसत नाही, कारण रक्कम जमा झालेलीच असते. ती तक्रार आधी कंपनीकडे, विनंतीची तारीख आणि त्यानंतरच्या भरण्यांची यादी जोडून करावी, आणि उत्तर समाधानकारक नसल्यास तिला परवाना देणाऱ्या नियामकाकडे न्यावी. मात्र त्याच भरण्यांवर 'मी केलेच नाहीत' असा दावा बँकेत आधी घातलेला असेल, तर ही तक्रार तुम्ही स्वतःच मोडून ठेवलेली असते: एका कागदावर खेळलो नाही म्हणता आणि दुसऱ्यावर खेळू द्यायला नको होते म्हणता. मावसभावाने अशी विनंती खरोखर केलेली होती, आणि पाचपैकी शेवटचे दोन भरणे त्या तारखेनंतरचे होते.