मामाला विकला जाणारा देश

"शाळेत न शिकवलेलं सत्य!
1. माँटेव्हिडिओ करारानुसार लोक, जमीन, सरकार आणि परराष्ट्र संबंध, या चार गोष्टी असल्या की कोणीही देश स्थापन करू शकतो. कोणाच्याही मान्यतेची गरज नाही.
2. समुद्रातल्या सीलँड देशाला जर्मनीने राजदूत पाठवून मान्यता दिली.
3. कैलासाला युनोने मान्यता दिली.
4. म्हणून आमच्या नव्या देशाचं नागरिकत्व आजच घ्या, भारतीय नागरिकत्व ठेवून! मानद राजदूत पासपोर्ट मर्यादित काळासाठी सवलतीत."

हा मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे गेले. गेल्या रविवारी नौपाड्यात मामाकडे जेवायला गेले, तेव्हा त्याने कपाटातून एक पावती काढून दाखवली. पंधरा हजार रुपये भरून झाले होते, पंचेचाळीस हजार पुढच्या महिन्यात द्यायचे होते. कळव्याच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब सांभाळलेला माणूस आहे तो. "कायद्यात बसतं गं, करार आहे तसा," असं मला, आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या भाचीला, सांगत होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण मामाचा सगळा विश्वास त्यावरच होता आणि तो मुद्दा ज्या प्रकरणावर उभा आहे तेच प्रकरण या मेसेजचा निकाल लावतं.

सीलँड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने समुद्रात उभारलेला एक किल्ला. काँक्रीटचे दोन पोकळ खांब आणि त्यांच्यावर पोलादी डेक. ब्रिटिश सैन्य निघून गेलं आणि 1967 साली एका माजी सैन्याधिकाऱ्याने तो बळकावून 'देश' जाहीर केला. त्या वेळी ब्रिटनची सागरी हद्द तीनच सागरी मैलांची होती आणि किल्ला तिच्या बाहेर पडत होता, त्यामुळे 1968 साली ब्रिटिश न्यायालयाने 'हे आमच्या अधिकारक्षेत्रात नाही' असं म्हटलं. हे खरं आहे. पण 'आमच्या अधिकारक्षेत्रात नाही' याचा अर्थ 'हा देश आहे' असा होत नाही. भर समुद्रात तरंगणारं लाकूडही कोणाच्या हद्दीत नसतं. पुढे 1987 साली ब्रिटनने आपली हद्द बारा सागरी मैलांपर्यंत वाढवली आणि तो किल्ला सरळ तिच्या आत आला.

जर्मनीचा अधिकारी तिथे गेला होता, हेही खरं. ऑगस्ट 1978 मध्ये किल्ल्यावर मारामारी झाली, एक जर्मन नागरिक तिथे ओलीस राहिला आणि त्याला सोडवायला लंडनच्या जर्मन दूतावासातून माणूस गेला. आता याला मान्यता म्हणायचं का? मान्यता हा हेतूचा प्रश्न आहे. 'आम्ही तुम्हाला देश मानतो' असं सरकारने म्हणावं लागतं, किंवा दुसरा अर्थच निघू नये असं काही करावं लागतं, जसं की रीतसर राजदूत नेमणं. ओलिसासाठी बोलणी करणं त्यात येत नाही. भारताने जून 2022 मध्ये काबूलमध्ये तांत्रिक पथक बसवलं ते तालिबानच्या सरकारला मान्यता न देताच. तैवानशीही आपला व्यवहार 1995 पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' नावाच्या कार्यालयातून चालतो, दूतावासातून नव्हे. त्या नावात इतकी काळजी घेतली आहे ती याच कारणासाठी.

आणि मेसेज लिहिणाऱ्याने जे लपवलं ते हे. त्याच वर्षी, मारामारीच्या तीन महिने आधी, 3 मे 1978 रोजी जर्मनीतल्याच कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने सीलँड देश नाही असा निकाल दिला होता. प्रकरण कसलं होतं? एका जर्मन माणसाने दावा केला होता की त्याने सीलँडचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यामुळे तो आता जर्मन नागरिक उरलेला नाही. म्हणजे मामाच्या हातातली पावती, न्यायालयात नेलेली.

न्यायालयाने एकेक अट घेऊन तपासली. जमीन म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा नैसर्गिक भाग, समुद्रतळात रोवलेल्या खांबांवरचा सुमारे 1300 चौरस मीटरचा डेक नव्हे. आकार लहान म्हणून नाही हो. मोनॅको दोन चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो देश आहे. मुद्दा भूमी असण्याचा आहे. लोकांबद्दल न्यायालय जे म्हणालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सीलँडने शंभराच्या वर लोकांना नागरिकत्वाचे कागद दिले होते, पण ती माणसं आपापल्या देशांत राहत होती. धंद्यासाठी किंवा करमणुकीसाठी एकत्र आलेल्या सभासदांना राष्ट्राचे लोक म्हणत नाहीत. लोक म्हणजे एकत्र जगणारा, जन्मापासून मरणापर्यंत सगळं एकमेकांच्या आधाराने निभावणारा समाज. लोकसंख्येला किमान आकडा नाही. तुवालूची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास आहे, पण ती माणसं तुवालूत राहतात. मामा ज्या देशाचा नागरिक होणार होता, त्याचे सगळे नागरिक मोबाइलमध्ये राहतात.

आता पहिला मुद्दा. नाइलाजाने कबूल करते की यात अर्धं सत्य आहे. 26 डिसेंबर 1933 रोजी माँटेव्हिडिओ इथे अमेरिका खंडातल्या देशांनी हा करार केला. त्याच्या पहिल्या कलमात चार अटी आहेत: कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की देशाचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. भारत या कराराचा पक्ष नाही, तरी कसोटी म्हणून जगभर हीच चौकट वापरतात.

पण यादी पाठ करणं वेगळं आणि अट पुरी करणं वेगळं. 'सरकार' म्हणजे लेटरहेड नाही. त्या जमिनीवर त्याचा हुकूम चालला पाहिजे, दुसऱ्या कोणाचा नाही. 'क्षमता' म्हणजे दुसऱ्याला न विचारता करार करता येणं. आफ्रिकेतल्या सोमालियातून फुटून सोमालीलँडने 18 मे 1991 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. खरी जमीन, खरी माणसं, स्वतःचं चलन, निवडणुका, सगळं होतं, आणि तरीही तीस वर्षांहून अधिक काळ युनोच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिली नव्हती. मान्यतेशिवाय कर्ज मिळत नाही, युनोत जागा मिळत नाही, पासपोर्ट फार थोड्या ठिकाणी चालतो. आणि चार अटींपलीकडेही एक गोष्ट आहे. ऱ्होडेशियाने, म्हणजे आजच्या झिंबाब्वेने, 1965 साली स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा त्याच्याकडे जमीन, लोक आणि हुकूम चालवणारं सरकार होतं, पण ते मूठभर गोऱ्यांचं सरकार होतं. सुरक्षा परिषदेने दुसऱ्याच दिवशी ठराव करून सगळ्या देशांना त्याला मान्यता देऊ नका असं बजावलं.

मामाने इथे मला अडवलं. "मग बांगलादेशला आपण कशी दिली? तेव्हा तरी त्यांच्याकडे काय होतं?" त्याला 71 चा ब्लॅकआउट आठवतो, काचांना लावलेले काळे कागद आठवतात. प्रश्न अगदी योग्य होता आणि उत्तर तारखांतच आहे. स्वातंत्र्याची घोषणा मार्चच्या शेवटी झाली. हंगामी सरकारचा शपथविधी 17 एप्रिलला झाला आणि त्यानंतर ते सरकार भारताच्या आश्रयाने कोलकात्यातून चालत होतं. लाखो निर्वासित आपल्याकडे येत होते, देशात संतापाची लाट होती, तरी भारताने मान्यता दिली नाही. मूळ सरकारची सत्ता अजून टिकून असताना फुटून निघणाऱ्यांना देश मानणं म्हणजे दुसऱ्याच्या कारभारात हस्तक्षेप, असं कायदा मानतो. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं, पूर्वेकडे पाकिस्तानची पकड सुटू लागली आणि 6 डिसेंबरला इंदिरा गांधींनी संसदेत मान्यता जाहीर केली. दहा दिवसांनी शरणागती झाली. त्यानंतर देश होताच, पण युनोतला त्याचा प्रवेश ऑगस्ट 1972 मध्ये चीनने नकाराधिकार वापरून अडवला. पाकिस्तानने स्वतः फेब्रुवारी 1974 मध्ये मान्यता दिली आणि 17 सप्टेंबर 1974 रोजी बांगलादेश सदस्य झाला. मधली पावणेतीन वर्षं ढाक्यात सरकार चालत होतं. अस्तित्व, मान्यता आणि सदस्यत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज त्यांची खिचडी करतो.

यातच तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर येतं. युनो कोणालाही देश म्हणून मान्यता देत नाही. ती सदस्य करून घेते, आणि त्यासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस व आमसभेत दोन तृतीयांश मतं लागतात. स्वित्झर्लंड 2002 पर्यंत सदस्य नव्हता. भारत मात्र 1945 साली संस्थापक सदस्य होता, स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी. कैलासा म्हणजे भारतातून पळून गेलेल्या नित्यानंद या स्वामीने जाहीर केलेला 'देश'. त्याच्या प्रतिनिधी फेब्रुवारी 2023 मध्ये जिनिव्हात बोलल्या त्या कोणालाही नाव नोंदवता येईल अशा खुल्या सभेत, आणि त्यांचं म्हणणं विचारात घेणार नाही असं युनोच्या कार्यालयानेच सांगितलं. अमेरिकेतल्या नेवार्क शहराने त्यांच्याशी केलेला भगिनी-शहर करारही काही दिवसांतच रद्द केला. शहराला तसाही देश मान्य करण्याचा अधिकार नसतो.

चौथ्या मुद्द्याबद्दल मला फार राग आहे, कारण तो थेट खिशात हात घालतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे तो देश खरा असेल तर मामा भारताचा नागरिक राहणार नाही, आणि खोटा असेल तर हातात रंगीत कागद राहील. दोन्हींचा फायदा एकत्र मिळेल अशी वाटच नाही. 'मानद राजदूत' तर याहून वाईट. परदेशाचा प्रतिनिधी आपल्याकडे भारत सरकारच्या संमतीनेच काम करू शकतो आणि ती संमती परराष्ट्र मंत्रालय देतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा एजंट नाही. जुलै 2025 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी गाझियाबादच्या एका बंगल्यात असाच 'दूतावास' पकडला. 'वेस्टआर्क्टिका' नावाच्या, कोणीही न मानलेल्या देशाचा. दारात राजनैतिक नंबरप्लेट लावलेल्या गाड्या उभ्या होत्या, आणि परदेशात नोकरी लावण्याच्या नावाखाली लोकांकडून पैसे घेतल्याचा पोलिसांचा आरोप आहे. तो पासपोर्ट विमानतळावर दाखवणाऱ्याला वेगळी रांग नाही, वेगळी खोली मिळेल.

मामाची पावती मी उलटून पाहिली. पैसे कुठल्याही सरकारच्या नावाने गेले नव्हते, एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले होते. हे दिसल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, मग मामीला म्हणाला, "फोन दे." आम्ही तिथूनच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सोमवारी सकाळी बँकेत जाऊन पंचेचाळीस हजारांचं ठरवलेलं ट्रान्सफर थांबवलं. पंधरा हजारांचं काय होतं ते कळायचं आहे.