गोदाकाकूंचा फेरफार

कादंबरीचा दुसरा खंड येऊन तीन आठवडे झाले होते. एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला.

"लेखकराव, खंड झकास. फक्त गोदाकाकूंना लग्नाआधी पाच वर्षं मुलगा कसा झाला, तेवढं सांगा."

मी मोठ्यानं हसलो. मग दोन्ही खंड शेजारी शेजारी ठेवले आणि हसणं बंद झालं.

पहिल्या खंडात गोदाकाकू मे १९६१मध्ये लग्न होऊन पुण्यात येतात. १२ जुलैला पानशेत फुटतं आणि नव्या सुनेचा शालू वाहून जातो. (त्या शालूवर मी चार पानं खर्च केली आहेत.) दुसऱ्या खंडात मार्च १९७७. इंदिरा गांधी हरल्या ती निवडणूक. काकूंचा सदू मत देऊन, बोटाची शाई मिरवत घरी येतो. लग्न ६१चं, म्हणजे पोरगा फार तर पंधराचा.

"तीन वर्षांचीच चूक की हो," मी म्हटलं. "अठरा पूर्ण हवीत ना?"

"अठरा १९८९पासून. तेव्हा एकवीस होती. सदू १९५५ संपायच्या आत जन्मायला हवा."

वही नव्हती असं नाही. मोठ्या कादंबरीमालेचे लेखक सिरीज बायबल म्हणून जी ठेवतात तशी दोनशे पानी वही माझ्याकडेही होती. तिच्यात सदूला पडवळ आवडत नाही हे होतं, काकूंच्या कपाळावरचा तीळ होता, आमच्या काल्पनिक कातळगावाचा रंगीत नकाशा होता. काकूंपुढे मात्र लिहिलं होतं 'वय २२' आणि सदूपुढे 'तरुण'. कधी २२ आणि कधी तरुण, याचा पत्ता नाही. वय हा दुधासारखा नासणारा माल आहे; आज नोंदवलं की पुढच्या प्रकरणात आंबतं. जन्मसाल लिहिलं असतं तर वजाबाकी दुसरीतल्या पोरानंही करून दिली असती.

नकाशाचं तर बोलायलाच नको. त्यात नदी गावाच्या पश्चिमेला आहे. पहिल्या खंडात तिच्यावर सूर्य मावळतो. दुसऱ्यात काकू काठावर उभ्या राहून नदीपलीकडून उगवणाऱ्या सूर्याला अर्घ्य देतात. नकाशा काढला मन लावून, लिहिताना उघडला कोणी?

तलाठ्यांनी फोनवरच माझी शाळा घेतली. सातबारावर आज काय आहे ते दिसतं, ते कसं बदललं हे फेरफारात. जुनी नोंद खोडून वर लिहायचं नाही. तिला कंस करायचा, शेजारी नव्या फेरफाराचा नंबर घालायचा. मी वही तशीच नव्यानं मांडली. प्रत्येक माणसाला एक पान, वर जन्मसाल, प्रत्येक नोंदीपुढे खंड आणि पान क्रमांक. छापून गेलेलं शाईनं, नुसतं मनात असलेलं पेन्सिलीनं. हा फरक फार मोलाचा निघाला, कारण निम्म्या गोष्टी मी कुठं लिहिल्याच नव्हत्या, फक्त रात्री अंथरुणात ठरवल्या होत्या. आणखी एक रकाना आखला: कोणाला काय कधी कळलं. त्यातून निघालं की दादासाहेबांना मृत्युपत्राचं गुपित एकदा माळ्यावर कळतं आणि साठ पानांनी पुन्हा विहिरीपाशी कळतं. दोन्ही वेळा ते तेवढेच हादरतात.

या नादात पाच महिने गेले. वही तीनशे चाळीस पानांची झाली, तिसरा खंड अकरा पानांचा. सौ. म्हणाली, "वहीच छापायला द्या की." तेव्हापासून नियम केला: जे पुन्हा लागणार तेवढंच वहीत. पडवळाला डच्चू.

पण सदूचं काय? दोन्ही खंड छापलेले, म्हणजे दोन्ही शाईत. काकूंचं लग्न मागे नेलं तर पानशेत जातं, पानशेत गेलं तर शालू राहतो. मतदान काढावं, तर सदू त्या मतावरूनच बापाशी भांडून घर सोडतो आणि तिसरा खंड तिथूनच सुरू होतो. शेवटी एकच वाट उरली. काकू दुसरेपणाच्या. सदू पहिलीचा, जन्म १९५५, काकू आल्या तेव्हा पाच-सहा वर्षांचा. मग एकतिसाव्या पानावर नवरा 'आयुष्यात पहिल्यांदाच बोहल्यावर चढताना' घाबरतो, त्याचं काय? तर ते त्यानं काकूंच्या माहेरी सांगितलेलं खोटं होतं. दोन खंडांत मिळून चाळीस पानंही धड न मिळालेल्या त्या गरीब माणसाला मी एका वाक्यात खलनायक केलं, आणि तिसऱ्या खंडाला जीव आला.

तलाठ्यांना आनंदानं फोन केला.

"नोंद घाला," ते म्हणाले. "पण लगेच मंजूर करू नका. हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे असतात."

तेराव्या दिवशी सौ. पहिला खंड घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. बोट दोनशे नवव्या पानावर.

"सदूच्या वेळचे डोहाळे," ती म्हणाली. "काकूंना चिंचा लागायच्या असं लिहिलंय."