तारखेप्रमाणे लावा म्हणे!

शाळेच्या गृहपाठाच्या ॲपमध्ये मुदतीच्या रकान्यावर टिचकी मारली की गृहपाठ तारखेप्रमाणे लागतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. लागतात ना! 02/02 वर आणि 30/01 खाली. म्हणजे आज मुदत संपणारा आठवीचा गृहपाठ तळाशी, सोमवारचा नववीचा डोक्यावर. अहो, ती तारीख आहे हे ॲपला कळतच नाही, नुसती अक्षरं समजून लावतंय. डावीकडून पहिला आकडा लहान तो आधी, महिना बघतंय कोण? वर्गांचंही तेच. 10-अ पहिला, मग 8-ब, मग 9-क, कारण 8 च्या आधी 1 येतो!

यादी उतरवून घेऊन 2026-01-30 असं वर्ष आधी लिहिलं आणि वर्ग 08-ब केला, की सगळं सरळ लागतं. पण हे रोज मीच करायचं? तेवढ्यात एखादं कार्टं वहीचा फोटो पुन्हा चढवतं आणि माझी यादी शिळी.

वर मुख्याध्यापिकांचा निरोप, "सर, आठवीचे गुण आजच भरा हं." भरतो हो बाई, आधी आठवी सापडू तर द्या!