‘ऑल्वेज क्रियापदाच्या आधी’ : एका ओळीचा नियम कुठे कुठे तुटतो

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा : “ऑल्वेज, नेव्हर, ऑफन, युज्वली, समटाइम्स, एव्हरी डे हे सगळे शब्द क्रियापदाच्या आधी येतात. फक्त ॲम, इज, आर असेल तर नंतर. प्रश्न असो की नकार, जागा बदलत नाही. मराठी वाक्यात नेहमी, कधीच, रोज जिथे आहे तिथेच ठेवा, इंग्रजी वाक्य तयार.”

आधी, पण कोणत्या क्रियापदाच्या?

क्रियापद एकाच शब्दाचं असेल तोवर अडचण येत नाही. ‘मीना ऑल्वेज कम्स लेट’ बरोबरच आहे. पण इंग्रजीत क्रियापद दोन, तीन, कधी चार शब्दांचं होतं : ‘हॅज कम’, ‘विल बी वेटिंग’, ‘शुड हॅव बीन टोल्ड’. अशा वेळी या साखळीतल्या पहिल्या साहाय्यक क्रियापदाकडे पाहायचं आणि आपला शब्द त्याच्या लगेच नंतर ठेवायचा. ‘मीना हॅज नेव्हर कम लेट’, ‘यू विल ऑल्वेज बी वेलकम’, ‘दे शुड नेव्हर हॅव बीन टोल्ड’. तिसऱ्या वाक्यात मुख्य क्रियापद ‘टोल्ड’ आहे. त्याला चिकटून ‘दे शुड हॅव बीन नेव्हर टोल्ड’ म्हटलं तर कानाला खटकतं. ‘शुड हॅव नेव्हर बीन टोल्ड’ बोलण्यात ऐकू येतं आणि ते चूक नाही, पण कसलाही जोर द्यायचा नसेल तेव्हाची सहज जागा ‘शुड’नंतरचीच.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘हॅव’ करतं, कारण ते कधी साहाय्यक असतं, कधी मुख्य. ओळखायची युक्ती सोपी आहे : वाक्याचा प्रश्न करून पाहा. ‘डू’ लागलं तर ते मुख्य क्रियापद, म्हणून आपला शब्द त्याच्या आधी. ‘डू यू हॅव टी?’ असा प्रश्न होतो, म्हणून ‘आय ऑल्वेज हॅव टी’. ‘हॅव यू सीन?’ मध्ये ‘डू’ नाही, म्हणून ‘आय हॅव ऑल्वेज सीन’. याच कसोटीवर ‘आय हॅव ऑल्वेज टू वेट’ ही नेहमी दिसणारी चूक पकडता येते. प्रश्न ‘डू यू हॅव टू वेट?’ असा होतो, तेव्हा बरोबर वाक्य ‘आय ऑल्वेज हॅव टू वेट’.

ॲम, इज, आर : हा अपवाद नाहीच

‘डू’ची हीच कसोटी इथे लावा. ‘इज मीना लेट?’ या प्रश्नाला ‘डू’ लागत नाही. म्हणजे ‘इज’ मुख्य क्रियापद असूनही साहाय्यकासारखं वागतं, आणि म्हणून ‘मीना इज ऑल्वेज लेट’. वेगळा अपवाद पाठ करण्याची गरज नाही. उलट तो पाठ केला की पुढच्या दोन जागी हमखास चूक होते.

पहिली जागा छोट्या उत्तराची. ‘इज मीना युज्वली ॲट होम?’ या प्रश्नाचं उत्तर ‘येस, शी युज्वली इज’ असं येतं. ‘येस, शी इज युज्वली’ म्हटलं की वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं. पुढचे शब्द गाळल्यामुळे ‘इज’वर वाक्य संपतं आणि त्यावर आघात येतो, म्हणून आपला शब्द त्याच्या अलीकडे सरकतो. ‘आय नेव्हर हॅव’, ‘दे ऑल्वेज विल’ ही उत्तरं त्याच जातीची. पूर्ण वाक्यातही साहाय्यकावर मुद्दाम जोर दिला तर हाच क्रम चालतो.

दुसरी जागा आज्ञार्थाची. ‘ऑल्वेज बी ऑन टाइम’, ‘नेव्हर बी रूड’. नियमाप्रमाणे ‘बी ऑल्वेज ऑन टाइम’ लिहिणारे पुष्कळ आहेत, पण आज्ञार्थातल्या ‘बी’ला नकारात ‘डू’ लागतं : ‘डोंट बी लेट’. इथे ते साध्या मुख्य क्रियापदासारखं वागतं, म्हणून आपला शब्द आधी.

प्रश्नात आणि नकारात

प्रश्नाचं लवकर उरकतं. साहाय्यक पुढे जातं, मग कर्ता, आणि आपला शब्द कर्त्यानंतर : ‘इज मीना ऑल्वेज लेट?’, ‘डज मीना ऑफन कॉल?’ ‘इज’नंतर लगेच ठेवायचं म्हणून ‘इज ऑल्वेज मीना लेट?’ केलं तर वाक्य मोडतं.

नकाराकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण तिथे जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘मीना नेहमी फोन उचलत नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघतात : कधी उचलते, कधी नाही, किंवा कधीच उचलत नाही. बोलताना स्वर आणि संदर्भ यांवरून आपण तो अर्थ ठरवतो. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मीना डझंट ऑल्वेज आन्सर द फोन’. दुसरा हवा असेल तर ‘मीना नेव्हर आन्सर्स द फोन’. मराठीतला क्रम तसाच उचलून केलेलं ‘मीना ऑल्वेज डझंट आन्सर’ सहसा कुणी म्हणत नाही.

पण ‘समटाइम्स’चा क्रम उलटा आहे. ‘मीना समटाइम्स डझंट आन्सर’ हेच नैसर्गिक. ‘युज्वली’ दोन्हीकडे चालतो आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. ‘ऑफन’ही दोन्हीकडे चालतो, पण त्याने अर्थ बदलतो. समजा 10 फोनपैकी 5 मीनाने उचलले नाहीत. ‘मीना ऑफन डझंट आन्सर’ हे खरं, कारण न उचलण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. ‘मीना डझंट ऑफन आन्सर’ मात्र तिच्यावर अन्याय करणारं, कारण त्याचा अर्थ ती क्वचितच उचलते असा होतो.

‘नेव्हर’बद्दल आणखी एक सावधगिरी. मराठीत ‘कधीच’बरोबर ‘नाही’ यावंच लागतं. इंग्रजीत ‘नेव्हर’मध्ये नकार आलेलाच असतो, म्हणून ‘मीना कधीच उशिरा येत नाही’ याचं ‘मीना नेव्हर कम्स लेट’ एवढंच. त्यात ‘डझंट’ घातलं की प्रमाण इंग्रजीत ते चूक.

सगळे शब्द एका माळेचे नाहीत

‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’, ‘वन्स अ मंथ’ असे एकाहून अधिक शब्दांचे प्रयोग मधल्या जागी बसत नाहीत. ‘मी रोज बाजारात जाते’चं ‘आय एव्हरी डे गो टू द मार्केट’ होत नाही. ‘एव्हरी डे’ शेवटी जातं किंवा अगदी सुरुवातीला. ‘समटाइम्स’, ‘युज्वली’, ‘ऑफन’ सुरुवातीलाही चालतात. ‘ऑल्वेज’ साध्या विधानात तिथे चालत नाही. ‘नेव्हर’ आणि ‘रेअरली’ तिथे नेले तर साहाय्यकाला कर्त्याच्या आधी आणावं लागतं : ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड’. हा थाट लिखाणातला किंवा भाषणातला. रोजच्या बोलण्यात तो अवघडलेला वाटतो.

मराठी क्रम जसाच्या तसा ठेवण्याचा सल्ला सर्वात मोठा फटका देतो तो ‘नेहमी मीनाच उशिरा येते’सारख्या वाक्यात. आपण ‘नेहमी’ पुढे आणतो आणि कर्त्याला ‘च’ जोडतो. जोर मीनावर पडतो. इंग्रजीत ‘ऑल्वेज मीना कम्स लेट’ केल्याने तो जोर येत नाही आणि वाक्यही चुकतं. त्यासाठी वाक्याची बांधणीच बदलावी लागते : ‘इट इज ऑल्वेज मीना हू कम्स लेट’. आणि त्यातही ‘ऑल्वेज’ आपल्या ठरलेल्या जागी, ‘इज’च्या लगेच नंतरच बसला आहे.